चार संध्याकाळी पेन ड्राइव्हवरून

माझा लॅपटॉप 2017 सालचा. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क. आठ वर्षं मी त्याच्यावर प्रश्नपत्रिका टाइप केल्या, भाषांतरं केली, बचत गटाचे हिशेब ठेवले. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे सुरक्षेचे अपडेट थांबणार आणि पुढची पायरी बंद. शिवाय लॅपटॉप वर्षभरापासून फार हळू चालत होता. सुरू केला की चहा करून, पिऊन यावं, तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच असायचा.

विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं हे मनात पक्कं होतं. पुण्याला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, लगेच टाकू नकोस. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालव. पण पाच मिनिटं बघून बंद करू नकोस. तुझी रोजची कामं त्याच्यावर करून बघ, आणि काय चाललं, काय नाही ते वहीत लिही." वहीचं मला पटलं. शाळेच्या जुन्या वहीचं एक पान घेतलं आणि या लॅपटॉपकडून मला काय काय लागतं ते एकाखाली एक लिहिलं: वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, झाकण मिटल्यावर झोप आणि उघडल्यावर जाग, बोटाच्या ठशाचं बटण. सगळ्यात शेवटी लिहिलं 'हळू का?' आणि खरं उत्तर त्या शेवटच्या ओळीत दडलेलं होतं.

तयारीचं थोडक्यात सांगते. लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती उतरवली. फाइल जवळपास तीन जीबीची होती. उतरवताना मध्ये दोनदा नेट गेलं होतं, म्हणून फाइल पूर्ण आणि धड आहे का ते पाहणं गरजेचं होतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही एक ओळ पुरते:

```
certutil -hashfile linuxmint-22.2-cinnamon-64bit.iso SHA256
```

मिनिटभरात अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ येते. मिंटच्या संकेतस्थळावर दिलेल्या ओळीशी ती तंतोतंत जुळली पाहिजे. मी पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं ताडून पाहिली. जुळली. मग Rufus हा प्रोग्रॅम वापरून ती फाइल 16 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवली. ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यात लग्नाचे फोटो वगैरे नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावं.

विंडोजच्या बाजूने दोन गोष्टी आधीच करून ठेवल्या, आणि त्या न करता पुढे जाऊ नये असं मी आवर्जून सांगेन. पहिली म्हणजे डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते बघणं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `manage-bde -status` लिहिलं की कळतं. माझ्याकडे `Protection Off` आलं. तिथे On आलं असतं तर बायोसमधल्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमधल्या, कशालाही हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी लागली असती, कारण सेटिंग बदलल्यावर विंडोज ती की मागून अडून बसू शकतं. दुसरी गोष्ट, विंडोज पूर्ण बंद करणं. नेहमीच्या Shut down ने ते अर्धवट झोपेत जातं आणि डिस्कवर आपली खूण ठेवून जातं. मग लिनक्समधून त्या डिस्कवरच्या फाइली नीट उघडत नाहीत किंवा नुसत्या वाचता येतात. शिफ्ट दाबून ठेवून Shut down वर क्लिक केलं की ते खरोखरीचं बंद होतं.

पहिल्या संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला आणि F12 दाबत राहिले. माझ्या यंत्रात बूटची यादी त्या बटणाने येते, दुसऱ्या कंपन्यांत F9 किंवा Esc असतं. पेन ड्राइव्ह निवडला, 'Start Linux Mint' वर एंटर केलं आणि दीड-दोन मिनिटांत हिरवट डेस्कटॉप समोर आला. डेस्कटॉपवर 'Install Linux Mint' नावाचं चिन्ह असतं. त्याच्यावर दोनदा क्लिक करेपर्यंत आपल्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. सगळी प्रणाली पेन ड्राइव्हवरून लागेल तशी वाचली जाते आणि आपण केलेले बदल रॅममध्ये राहतात. लॅपटॉप बंद केला की ते पुसले जातात. ही गोष्ट मी तेव्हा नुसती ऐकलेली होती. ती कळली दुसऱ्या दिवशी.

आवाज आला. माइकवर बोलून, रेकॉर्ड करून परत ऐकलं. कॅमेरा चालला. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं चालली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडलं आणि बोटं आपोआप जागेवर गेली. वहीत एकामागून एक बरोबरच्या खुणा पडत होत्या. फक्त उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नव्हतं. जवळपासची नेटवर्क दिसत नाहीत एवढंच नाही, वायफाय नावाची गोष्ट या यंत्रात आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

भाच्याने टर्मिनलमध्ये हे लिहायला सांगितलं:

```
lspci -nnk | grep -iA3 net
```

याने लॅपटॉपमधली नेटवर्कची कार्डं दिसतात आणि प्रत्येकाखाली ते कार्ड कोणता ड्रायव्हर चालवतोय तेही दिसतं. माझ्याकडे दोन नोंदी आल्या. पहिली केबलच्या नेटची, तिच्याखाली `Kernel driver in use` अशी ओळ आणि पुढे नाव. दुसरी वायफायची, आणि तिच्याखाली ती ओळच नव्हती. एवढ्यावरून निदान होतं. कार्ड जिवंत आहे, यंत्राला ते दिसतंय, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर कोणी नाही. कार्डच मेलेलं असतं तर यादीत दुसरी नोंदच आली नसती, आणि मग ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

काही कंपन्या आपल्या वायफाय चिपचा ड्रायव्हर खुला ठेवत नाहीत, म्हणून तो लिनक्सच्या गाभ्यात नसतो आणि वेगळा टाकावा लागतो. मिंटमध्ये त्यासाठी Driver Manager आहे. पण ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा. यातून सुटका फोनने झाली. चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडला, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' सुरू केलं आणि पाच सेकंदांत लिनक्सने 'वायर्ड कनेक्शन' जोडल्याचं सांगितलं. त्याच्या दृष्टीने फोन म्हणजे केबलचं नेट. वेगळं काही टाकावं लागलं नाही.

Driver Manager ने वायफायची चिप ओळखली आणि एक ड्रायव्हर सुचवला. निवडला, उतरला, तीन-चार मिनिटं खटपट झाली. मध्ये त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो दिला. सगळं संपलं तरी वायफाय नाहीच. भाच्याने सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हर हाताने चढवायचा प्रयत्न केला तेव्हा खरं कारण एका ओळीत समोर आलं:

```
Key was rejected by service
```

हे सिक्युअर बूटचं काम. बायोसमधली ही सोय सुरू असेल तर ओळखीच्या सहीचेच ड्रायव्हर आत घेतले जातात. बाहेरून आलेला हा ड्रायव्हर माझ्याच यंत्रावर नुकताच बांधला गेला होता, त्यामुळे त्याच्यावर यंत्राला माहीत असलेली सही नव्हती. यासाठी रीतसर वाट आहे. मघाशी मागितलेला पासवर्ड त्याचसाठी होता. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना एक निळा पडदा येतो, तिथे तो पासवर्ड देऊन आपली किल्ली नोंदवायची, की मग ड्रायव्हर चालतो. पण लाइव्हमध्ये याचा उपयोग नाही. लॅपटॉप बंद करून सुरू केला की रॅममधला तो ड्रायव्हरही जातो आणि त्याच्यावर सही करणारी किल्लीही जाते. नोंदवलेली किल्ली बायोसमध्ये राहते, पण तिची जोडी उरत नाही. म्हणून लाइव्हमध्ये वायफाय तपासायचं असेल तर सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद ठेवणं हा सरळ मार्ग, आणि पक्कं इन्स्टॉल केल्यावर ते पुन्हा सुरू करून किल्लीची रीत करायची.

दुसऱ्या संध्याकाळी मी आधी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. लाइव्ह सुरू केलं तर कालचं काहीच नव्हतं. ड्रायव्हर नाही, मराठी कीबोर्ड नाही, बदललेली अक्षरांची आकारमानंही नाहीत. पुन्हा फोन जोडला, पुन्हा ड्रायव्हर टाकला. या वेळी शेवटची पायरी संपते न संपते तोच कोपऱ्यात पंख्यासारखं ते चिन्ह उमटलं आणि शेजाऱ्यांच्या नेटवर्कसकट आठ नावं दिसली. मी फोनची केबल काढली, आमचा पासवर्ड घातला आणि लॅपटॉप उचलून मागच्या खोलीत गेले. राउटर पुढच्या खोलीत आहे आणि मध्ये जुन्या घराची दीड फुटी भिंत. मी काम करते ते मागेच, त्यामुळे वायफाय चाललं की नाही हे तिथेच ठरणार होतं. अर्धा तास एक व्याख्यान लावून ठेवलं आणि शेजारी उतारा टाइप करत बसले. एकदाही अडकलं नाही. तेव्हा कुठे वहीत वायफायपुढे खूण केली आणि शेजारी लिहिलं: 'ड्रायव्हर वेगळा, आधी फोन जोडणे, सि. बूट.' इन्स्टॉल करताना हीच ओळ कामाला आली.

त्याच दिवशी प्रिंटर केबलने जोडून एक पान काढलं. विनातक्रार आलं, मराठीची जोडाक्षरंही नीट. बोटाच्या ठशाचं बटण मात्र चाललं नाही. `lsusb` च्या यादीत ते दिसत होतं, पण सेटिंगमध्ये ठसा नोंदवायची सोयच येत नव्हती. ठशाची अनेक यंत्रं लिनक्सला चालत नाहीत. मी तशीही पासवर्डच वापरते. तिथे फुली मारली आणि पुढे गेले.

रात्री विंडोज सुरू केलं तर घड्याळ साडेपाच तास मागे. पावणेदहाला सव्वाचार दाखवत होतं. क्षणभर वाटलं, लॅपटॉपमधला बटण सेल गेला. तसं नव्हतं. लिनक्स यंत्राच्या आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज त्याच घड्याळात भारतीय वेळ आहे असं धरून चालतं. नेट जोडलं गेल्यावर लिनक्सने आतलं घड्याळ आपल्या रीतीने लावून टाकलं, आणि आपला ग्रिनिचपासूनचा फरक बरोबर साडेपाच तासांचा. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'Sync now' दाबलं की जागेवर येतं. लाइव्ह वापरल्यावर तुमचंही घड्याळ असं मागे गेलं तर घाबरू नका. फक्त बँकेची कामं करण्याआधी ते नीट करून घ्या, कारण घड्याळ चुकलेलं असलं की सुरक्षित संकेतस्थळं उघडायला कुरकुर करतात.

तिसरी संध्याकाळ झोपेची. माझ्यासाठी ही वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ. मी दिवसातून दहा वेळा झाकण मिटते आणि उघडते. कुकरची शिट्टी झाली की मिटला, भाजी परतून आले की उघडला. झाकण मिटून लॅपटॉप नीट झोपला नाही, किंवा झोपला आणि उठलाच नाही, तर बाकी सगळं चालूनही तो माझ्या कामाचा नाही.

झाकण मिटलं. दिवा सावकाश उघडझाप करायला लागला, पंखा थांबला. दहा मिनिटांनी उघडलं तर स्क्रीन उजळली, डेस्कटॉप दिसला, माउसचा बाणही हलला. आनंद झाला तो तेवढ्यापुरताच. मेनूवर क्लिक केलं तर काहीच नाही. उघडी असलेली टाइपिंगची खिडकी दिसत होती, पण सेव्ह करायला गेले तर ती गोठली. टर्मिनल उघडंच होतं, त्यात `ls` लिहिलं तर `Input/output error`. कंट्रोल, ऑल्ट आणि F2 दाबून काळा पडदा आणला, तर त्यावर एकाखाली एक सारख्याच ओळी धावत होत्या, प्रत्येकीची सुरुवात `SQUASHFS error` अशी. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावा लागला.

वहीत फुली मारायला पेन उचललंही होतं. या लॅपटॉपला लिनक्समध्ये झोप मानवत नाही, विषय संपला, असं मी धरून चालले होते. भाच्याला फोन केला तर त्याने आधी विचारलं, "एरर स्क्वॉशएफएसचे होते का? मग ते लॅपटॉपचं नाही, पेन ड्राइव्हचं आहे."

त्याने सांगितलं ते असं. लाइव्हमध्ये सगळी प्रणाली पेन ड्राइव्हवरच्या एका दाबून भरलेल्या मोठ्या फाइलमध्ये असते. त्या प्रकाराचं नाव स्क्वॉशएफएस. लॅपटॉप झोपला की यूएसबीचा वीजपुरवठा तुटू शकतो. जाग आल्यावर पेन ड्राइव्ह पुन्हा जिवंत होतो, पण प्रणालीला तो नवीनच कोणीतरी वाटतो. आधी `sdb` होता, आता `sdc`. जुन्या पत्त्यावर ती फाइल शोधत राहते आणि मिळत नाही. जे रॅममध्ये आधीच वाचलेलं होतं तेवढं चालतं, म्हणून डेस्कटॉप दिसतो आणि बाण हलतो. नवीन काही वाचायची वेळ आली की सगळं अडतं. हार्ड डिस्कवर पक्कं इन्स्टॉल केल्यावर हा प्रश्नच येत नाही, कारण आतली डिस्क आपली जागा सोडत नाही. म्हणजे मी जी परीक्षा घेतली ती लॅपटॉपची नव्हतीच.

खरी परीक्षा घ्यायची तर पेन ड्राइव्हला वाटेतून काढावं लागतं, आणि त्याची सोय मिंटमध्येच आहे. सुरुवातीच्या यादीत 'Start Linux Mint' वर असताना एंटरऐवजी `e` दाबायचं. काही ओळींचा मजकूर उघडतो. त्यात `linux` ने सुरू होणाऱ्या ओळीत `quiet splash` हे शब्द सापडतात. त्यांच्यापुढे एक जागा सोडून `toram` लिहायचं आणि F10 दाबायचं:

```
quiet splash toram
```

आता पेन ड्राइव्हवरचं सगळं आधी रॅममध्ये उतरवलं जातं. माझ्याकडे याला साधारण चार मिनिटं लागली. काळा पडदा बराच वेळ तसाच राहतो, तेवढा धीर धरावा. तीन जीबी त्यात जातात, म्हणून 8 जीबी रॅमवर हे जमतं. 4 जीबीच्या लॅपटॉपवर सिनॅमनसारख्या मोठ्या आवृत्तीला हे जमण्यासारखं नाही. डेस्कटॉप आला आणि मी पेन ड्राइव्ह उपसून टेबलावर ठेवला. लॅपटॉपला काही लावलेलं नाही आणि लिनक्स चालू आहे, हे बघतानाही थोडं धस्स होतंच.

फोन जोडून पुन्हा वायफायचा ड्रायव्हर टाकला, कारण जागं झाल्यावर वायफाय परत येतं का तेही बघायचं होतं. झाकण मिटलं. दहा मिनिटं. उघडलं. मेनू उघडला. फाइल सेव्ह झाली. दहा-बारा सेकंदांत वायफाय आपणहून जोडलं गेलं. एकदा झालं म्हणून विश्वास ठेवला नाही, त्या संध्याकाळी सात वेळा मिटला आणि उघडला. एकदा चार्जर लावून, एकदा काढून, एकदा व्हिडिओ चालू असताना. सातही वेळा उठला. आवाज एकदाही गेला नाही. मघाशी उचललेलं पेन या वेळी खुणेसाठी टेकवलं.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळी ध्यानात आली. रॅममधून चालताना लॅपटॉप हा विजेसारखा चपळ होता. फायरफॉक्स क्लिक करताच उघडत होता. कालपर्यंत पेन ड्राइव्हवरून तेच उघडायला पंधरा-वीस सेकंद लागत. म्हणजे लाइव्हमध्ये जो संथपणा जाणवतो तो बहुतेक पेन ड्राइव्हचा, त्यावरून लिनक्सबद्दल मत बनवू नये. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की प्रोसेसर तोच, रॅम तीच, स्क्रीन तीच, आणि तरी चपळ. मग विंडोजमध्ये एवढा हळू का? दोन्हींत यंत्राचा फरक राहिला होता तो एकाच वस्तूचा, हार्ड डिस्कचा. वर्षभर मी ज्याला 'लॅपटॉप म्हातारा झाला' म्हणत होते, तो बाकी सगळ्या अंगांनी तरुण निघाला होता.

चौथ्या संध्याकाळी पुन्हा `toram` ने सुरू केला आणि मेनूतून Disks हा प्रोग्रॅम उघडला. डावीकडे 1 टीबीची डिस्क निवडली, वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'SMART Data & Self-Tests' उघडलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते, ती इथे वाचता येते. वरती लिहिलं होतं, डिस्क ठीक आहे, 40 सेक्टर खराब. 'ठीक आहे' या शब्दांवर जाऊ नये हे मला खालची यादी बघून कळलं. Reallocated Sector Count पुढे 32 होते. हे डिस्कने खराब म्हणून बाजूला काढून, त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरायला घेतलेले तुकडे. Current Pending Sector Count पुढे 8. हे जास्त वाईट. हे तुकडे डिस्कला वाचता येत नाहीयेत, पण त्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. त्यांच्यात काही लिहिलेलं असेल तर ते परत मिळेलच असं नाही. डिस्क अशा तुकड्यावर आली की पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते आणि तेवढा वेळ सगळं यंत्र खोळंबतं. दिवा लुकलुकत राहायचा तो यामुळेच.

तिथेच Start Self-test मध्ये Extended चाचणी आहे. ती लावली. चाचणी डिस्क स्वतःची स्वतः करते, संगणकाला फार त्रास नसतो, पण 1 टीबीच्या फिरत्या डिस्कला दोन-तीन तास सहज लागतात. विंडोज चालू असताना त्याच डिस्कवर सारखी ये-जा असते, म्हणून तिला निवांतपणा मिळत नाही. लाइव्हमध्ये त्या डिस्कला कोणी हातच लावत नव्हतं. जेवण झालं, भांडी झाली, तरी चालू होती. साडेनऊच्या सुमाराला परत बघितलं तर चाचणी पुढे न जाता मध्येच संपली होती आणि निकालात वाचनात अपयश आल्याचं लिहिलं होतं.

त्या क्षणी मला एकच वाटलं. मी पहिल्याच संध्याकाळी ते डेस्कटॉपवरचं चिन्ह दोनदा दाबलं असतं, तर या डिस्कवर नवी प्रणाली चढवून बसले असते. तीही हळूच चालली असती आणि मी दोष लिनक्सला दिला असता. वर, इन्स्टॉल करताना होणाऱ्या त्या सगळ्या लिहिण्याने मरायला टेकलेल्या डिस्कवरचं उरलंसुरलंही गेलं असतं.

म्हणून त्या रात्री इन्स्टॉल हा शब्द बाजूला ठेवला. बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि लाइव्हमधूनच माझं फोल्डर तिच्यावर उतरवायला घेतलं. डिस्क आजारी असताना तिच्यावरून विंडोज सुरू करणं म्हणजे तिला आणखी पळवणं, लाइव्हमधून निदान फक्त हव्या त्या फाइलीच वाचल्या जातात. विंडोज आधी पूर्ण बंद केलेलं असल्यामुळे डिस्कवरचा विंडोजचा भाग लगेच उघडला. आधी कामाच्या फाइली, मग आईच्या शेवटच्या दोन वर्षांतले फोटो, मग बाकीचं, असा क्रम ठेवला, म्हणजे मध्ये काही झालंच तर महत्त्वाचं आधी हाताशी आलेलं असेल. रात्री साडेबारापर्यंत चाललं. दोन फाइली वाचता आल्या नाहीत. दोन्ही 2019 च्या एका कार्यशाळेचे व्हिडिओ. बाकी सगळं आलं. फोटो एकेक फोल्डर उघडून पाहिले आणि मगच झोपले.

पुढच्या रविवारी जुन्या डिस्कच्या जागी 480 जीबीचा अडीच इंची साटा एसएसडी आणला. लॅपटॉपच्या तळाचे दहा स्क्रू, आतल्या डिस्कच्या चौकटीचे चार. भाचा व्हिडिओ कॉलवर होता, हात माझे होते. एसएसडी बसवल्यावरही लगेच इन्स्टॉल केलं नाही. आधी लाइव्ह सुरू करून Disks मध्ये नवी डिस्क बरोबर आकाराची दिसते का, तिच्या नोंदीत खराब सेक्टर शून्य आहेत का ते पाहिलं. मग फोन जोडला, वहीतली वायफायची ओळ समोर ठेवली आणि तेव्हा कुठे ते चिन्ह दोनदा दाबलं. जुनी डिस्क बाहेर टेबलावर होती, त्यामुळे 'सगळी डिस्क पुसून इन्स्टॉल करा' या ओळीवर टिचकी मारताना हात थरथरला नाही. वीस मिनिटांत झालं. बायोसमध्ये सिक्युअर बूट पुन्हा सुरू केलं, ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवला, लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर निळा पडदा आला, पासवर्ड दिला, किल्ली नोंदवली. वायफाय जोडलं गेलं.

त्या रात्री नववीची इतिहासाची प्रश्नपत्रिका अर्धी टाइप करून, सेव्ह न करता मुद्दाम झाकण मिटलं. बॅटरी 91 टक्के होती. सकाळी साडेसहाला उघडलं, तर कर्सर चौथ्या प्रश्नाच्या त्याच अर्ध्या वाक्यापाशी लुकलुकत होता आणि बॅटरी 87 होती.